नोटिशीला खरं ते उत्तर

सोलापूर,
२० जानेवारी २०२५

प्रिय सुधाकर,

नातवाचा फोटो पाहिला. वहिनींना सांग, जावळ अगदी तुझ्यासारखं आहे. लेक आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, त्यामुळे तू पुण्यातच थांब. आयकराच्या नोटिशीसाठी धावत यायची गरज नाही. गड्डा यात्रेची गर्दी अजून आहे, पण परवा दुपारी वेळ काढून तुझ्या मंगल कार्यालयावर जाऊन आलो. दिवाणजींनी २०२२ ची पावती पुस्तकं, खतावणी आणि बँकेची स्टेटमेंटं काढून ठेवली होती. सगळं नीट पाहिल्यावरच हे लिहायला बसलोय. फोनवर तू फार घाबरलेला वाटलास आणि अशा वेळी ऐकलेलं निम्मं निसटतं.

आधी नोटीस कशाची आहे ते बघ. ही कर चुकवल्याची नोटीस नाही. तू पैसे लपवलेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आयकर कायद्याचं कलम २६९एसटी १ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कोणीही दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत स्वीकारायची नाही, असं ते सांगतं. ही मर्यादा तीन तऱ्हांनी मोजतात. एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी आणि एका प्रसंगासंबंधी एका माणसाकडून. मंगल कार्यालयवाले अडकतात ते या तिसऱ्या तऱ्हेत. तू म्हणालास, "एका वेळी कधीच दोन लाख घेतले नाहीत." ते खरंच आहे. पण लग्न एक असलं की त्या लग्नाचे सगळे हप्ते एकत्र धरतात, मग ते चार वेगवेगळ्या दिवशी आले असले तरी.

आणि दंड मर्यादेवरच्या रकमेएवढा नसतो, स्वीकारलेल्या पूर्ण रोख रकमेएवढा असतो. म्हणून नोटिशीत ३,२५,००० चा आकडा आहे. दंडाचं कलम २७१डीए. हे बाहेर आलं ते तुझ्याच ऑडिट रिपोर्टमधून. असे रोख व्यवहार तिथे वेगळ्या रकान्यात दाखवावे लागतात आणि तुझ्या ऑडिटरने ते प्रामाणिकपणे दाखवले. त्याच्यावर चिडू नकोस. उत्तरात हीच गोष्ट आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता कागद काय सांगतात ते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोहोळकडच्या त्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी कार्यालय ठरवलं, ठरलेली रक्कम २,८५,०००. ५०,००० रोख विसार दिला आणि उरलेल्या २,३५,००० चा पुढच्या तारखेचा चेक. हा चेक तू स्वतः मागून घेतला होतास, ते दिवाणजींना आठवतं. एप्रिलअखेर त्यांच्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि चेक न वटता परत आला. लग्न मे महिन्यातल्या रविवारी होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी भावाकडून, मेहुण्यांकडून पैसे गोळा केले. लग्नाच्या आठवडाभर आधी १,००,००० दिले आणि लग्नाच्या दिवशी १,३५,०००. ही बेरीज कर. चेकची रक्कम तीच येते, एक रुपया इकडे-तिकडे नाही. वाढीव ताटांचे ६०,००० त्यांनी जूनमध्ये दुसऱ्या बँकेत खातं उघडून एनईएफटीने पाठवले.

नोटिशीतल्या ३,२५,००० पैकी ४०,००० शिल्लक राहतात. ते वरपक्षाच्या खोल्यांचे. पावती नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या नावाने फाडलेली आहे आणि त्यावर त्यांची सही आहे. पण खतावणीत लग्नाचं एकच खातं असल्याने ती रक्कमही मुलीच्या वडिलांच्या नावाखाली पडली. कायदा "एका व्यक्तीकडून" म्हणतो. वरपिता वेगळी व्यक्ती आहे आणि त्यांचे ४०,००० दोन लाखांच्या जवळपासही नाहीत. तेव्हा पहिला मुद्दा हा, की हिशोबात धरायची रोख रक्कम २,८५,००० आहे. तेवढ्याने सुटका होत नाही, कारण तीही मर्यादेच्या वरच आहे. पण जे खरं आहे तेवढंच कबूल करायचं.

खरा भर कारणावर आहे. तुझ्या भाच्याने पाठवलेला मसुदा वाचला. मुलगा मेहनती आहे, पण त्याने कलम २७३बी चा आधार घेतलाय. त्या कलमात २७१डीए चा उल्लेखच नाही. ते रोख कर्ज आणि ठेवींच्या दंडाला चालतं, म्हणून सगळीकडे तेच वाचायला मिळतं. आपल्याला लागणारी तरतूद २७१डीए च्याच परंतुकात आहे. रक्कम स्वीकारणाऱ्याने योग्य आणि पुरेशी कारणं सिद्ध केली तर दंड लागत नाही. त्यात "सिद्ध केली" हे महत्त्वाचं. नुसतं सांगून भागत नाही आणि ओझं तुझ्यावर आहे. दुसरं असं, की कारण घेणाऱ्याचं विचारतात. त्या शेतकऱ्याची अडचण होती, कबूल. पण तू ती जाणून, त्या दिवशी, रोख का स्वीकारलीस, हे तुझ्या तोंडून यायला हवं.

मसुद्यातली दोन वाक्यं मी काढली आणि एक शेवटी नेलं. "लग्न रविवारी होतं, बँक बंद होती" हे पहिलं. ते खरं असलं तरी टिकणार नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून सुट्टीच्या दिवशीही, चोवीस तास चालतं. अधिकारी एका ओळीत हे खोडून काढेल आणि मग बाकीच्या उत्तराकडेही संशयाने पाहील. दुसरं, "कायदा माहीत नव्हता". तू चेक मागितलास म्हणजे तुला माहीत होतं, आणि तीच तुझी जमेची बाजू आहे. ती आपल्याच हाताने का पुसायची? तिसरं, "या उत्पन्नावर कर आणि जीएसटी भरलेला आहे". हे ठेवायचं, पण शेवटी, आधाराला. पैसे हिशोबात आहेत म्हणून हे कलम लागत नाही असं नसतं.

आपलं कारण एवढंच आणि पुरेसं आहे. तू बँकेतून रक्कम घेण्याची व्यवस्था केली होतीस. ती तुझ्या किंवा त्यांच्या चुकीने नाही, तर बँकेवरच्या निर्बंधाने मोडली. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, मुहूर्त पुढे ढकलण्यासारखा नव्हता. नाकारलं असतंस तर एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली असती. घेतलेली रक्कम दुसऱ्या दिवशी तुझ्या बँकेत जमा झाली आणि मार्ग मोकळा होताच पुढचे पैसे बँकेतूनच आले. नवं खातं आधीच का उघडलं नाही, असं अधिकारी विचारेल. त्याचं उत्तर त्या शेतकऱ्याने प्रतिज्ञापत्रात द्यायचं. अर्ज कधी केला आणि खातं कधी चालू झालं, या दोन तारखा त्यात हव्यातच.

पुराव्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे चेक परतीचा मेमो. त्याखालोखाल मला आवडली ती १,३५,००० च्या पावतीची स्थळप्रत. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालीत, पण खाली दिवाणजींनी बॉलपेनने लिहिलंय, "चेक परत, बँक निर्बंध, म्हणून रोख". शेजारी त्यांची आणि शेतकऱ्याची सही. त्या दिवशी, नोटिशीची कल्पनाही नसताना लिहिलेली ही ओळ आज तयार केलेल्या दहा पानी खुलाशापेक्षा जड आहे. त्या पानाचा रंगीत स्कॅन करायचा, मूळ पुस्तक तसंच जपून ठेवायचं. सोबत निर्बंधाची सूचना, त्यांच्या पासबुकाची पानं, लग्नपत्रिका, तुझं जीएसटी बिल आणि रक्कम भरल्याचं बँक स्टेटमेंट.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. भाचा म्हणतो, त्या २,३५,००० च्या पावत्या भाऊ-मेहुण्यांच्या नावाने करून घेऊ. अजिबात नको. पैसे गोळा त्यांनी केले, पण तुझ्या हातात दिले ते मुलीच्या वडिलांनीच. आज नावं बदललीस तर स्थळप्रती, खतावणी आणि ऑडिट रिपोर्ट एकमेकांशी जुळणार नाहीत आणि खरं कारणही खोटं वाटायला लागेल. वरपक्षाची पावती आपण मांडू शकतो, कारण ती तेव्हाचीच आहे.

त्या वर्षाची बाकीची लग्नंही मी तपासली. दुसऱ्या कुठल्याही लग्नात एका व्यक्तीची रोख दोन लाखांपर्यंत गेलेली नाही. हे पाहणं गरजेचं होतं. असा प्रकार चार वेळा दिसला असता, तर बँकेच्या निर्बंधाचं कारण एका लग्नाला पुरलं असतं, बाकीच्यांना नाही. ही एकदाच आलेली अडचण होती, हे उत्तरात ठळक मांडू. सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा हिंदुस्तान स्टीलचा निकालही जोडतोय. दंड लावता येतो एवढ्यावरून तो लावलाच पाहिजे असं नाही, केवळ तांत्रिक किंवा किरकोळ भंग असेल तर अधिकाऱ्याने विवेक वापरावा, असं त्यात आहे. पण निकाल कागदांच्या मागून येतो, पुढे नाही.

उत्तर पोर्टलवर e-Proceedings मध्ये भरायचं आहे, ३१ जानेवारीच्या आत. प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधीही आपण त्यातच मागू. तू पुण्यातून व्हिडिओवर बसू शकतोस. एवढं करूनही आदेश विरुद्ध गेला तर तीस दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील आहे आणि पुढे न्यायाधिकरणाचं पुणे खंडपीठ. अधिकाऱ्याचं समाधान होईलच अशी खात्री मी देणार नाही. पण उत्तर भक्कम आहे, हे मनापासून सांगतो.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, त्या शेतकऱ्याला तू स्वतः फोन कर. माझ्यापेक्षा तुझ्या शब्दाला ते येतील. मेमो आणि दोन्ही पासबुकं घेऊन शुक्रवारी माझ्या ऑफिसात यावं, नोटरीची व्यवस्था मी करतो. दोन, चेक परत आल्यावर त्यांनी तुला मोबाईलवर कळवलं होतं म्हणालास. तो निरोप जुन्या फोनमध्ये शोध आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट पाठव. सापडला नाही तर तसं कळव, मी त्यावर एक ओळही लिहिणार नाही.

वहिनींना नमस्कार, बाळाला खूप खूप आशीर्वाद. दिवाणजींनी तुझ्यासाठी शेंगाचटणी बांधून दिलीय, मंगळवारी पुण्याला येणाऱ्या पोराबरोबर पाठवतो.

तुझा,
विलास