दारूच्या नशेतला ‘हो’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थर्टीफर्स्ट जवळ आला की आपल्या दैनिकात नाकाबंदीच्या बातम्या येऊ लागतात. पिऊन गाडी चालवायची नाही, हे आता कॉलेजच्या पोरांनाही पाठ झाले आहे. पण जो प्यायला आहे त्याच्याकडून ‘हो’ घ्यायचा नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही.

दारू पाजून खरेदीखतावर अंगठा उठवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत, आणि ती लबाडी होती याबद्दल कुणाचे दुमत नसते. १८७२ चा करार कायदाही तेच म्हणतो: अटी कळणार नाहीत इतका जो झिंगला आहे, त्याला त्या अवस्थेत करार करता येत नाही. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही आम्ही गुंगीचे औषध देण्याआधी घेतो. औषध चढल्यावर पेशंट हसत हसत कशालाही ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’ला अर्थ नसतो. जमिनीला आणि ऑपरेशनला लावतो तो नियम शरीरसंबंधाच्या बाबतीत मात्र ‘तीही तयार होती की’ म्हणून सोडून दिला जातो.

भारतीय न्याय संहितेचे बलात्काराविषयीचे कलम ६३ तसे सोडत नाही. नशेमुळे जिला आपण कशाला होकार देतो आहोत, त्याचे परिणाम काय, हे कळत नाही, तिचा होकार संमती ठरत नाही. तिने विरोध केला नाही, एवढ्यावरूनही संमती होती असे धरता येत नाही. एक ग्लास बिअर घेतली की संमती संपली, असा याचा अर्थ नाही. प्रश्न भान किती उरले आहे याचा आहे. आणि ते बाहेरून ओळखणे वाटते तितके सोपे नाही.

समजा, एका फ्लॅटवर पार्टी आहे. नऊ ते साडेदहा या वेळात एका मुलीने व्होडकाचे तीन लार्ज पेग घेतले. ६० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे एकूण ६० ग्रॅम. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम निकामी करते. तेव्हा पहाट होईपर्यंत ती पूर्ण शुद्धीवर येत नाही. लिंबू सरबत, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, यांनी हा वेग वाढत नाही. (ताकानेही नाही, हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतेच.) बारा वाजता ती नाचत असेल, बोलत असेल, स्वतःच्या पायांनी आतल्या खोलीत जाईलही. पण मेंदूत आठवण नोंदवण्याचे काम तोवर बंद पडलेले असू शकते. यालाच ब्लॅकआउट म्हणतात. ही बेशुद्धी नव्हे, म्हणूनच पाहणारा फसतो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, आत्ताच दिलेले उत्तर विसरून तोच प्रश्न विचारणे, आपण कुणाच्या घरी आहोत हे न सांगता येणे, या खुणा दिसल्या की तिचे ‘हो’ धरायचे नाही. मुलगा प्यायला असेल तर त्याचेही नाही.

अशा वेळी मित्रांनी हाणामारीला उतरण्याची गरज नसते. तिला नेऊ पाहणाऱ्याशी वाद घालण्याआधी तिच्याशी बोला. ‘चल, तुझ्या आईचा फोन येतोय’ एवढ्यावर बऱ्याचदा काम होते. एकटीने जाऊ नका, दोघी जा. घर ज्याचे आहे त्याला बोलवा. कॅबमध्ये तिला एकटी बसवून देऊ नका; ओळखीची मैत्रीण सोबत जाऊ दे. कोण पिणार नाही आणि कोण कुणाबरोबर परत जाणार, हे पहिला ग्लास भरण्याआधीच ठरवा. झोपली तर कुशीवर झोपवा आणि कुणीतरी शेजारी बसा. हाक मारून उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल, तर ‘घरी कळेल’ म्हणून थांबू नका, सरळ १०८ ला फोन करा.

पण सगळ्यात जास्त उपयोग त्या मुलाच्या मित्रांचा होतो. ‘चान्स आहे, सोडू नको’ म्हणणारे तेच असतात, आणि तो ऐकतो तेही त्यांचेच. त्यातल्या एकाने खांद्यावर हात टाकून ‘तिला काही कळत नाहीये, तू चल माझ्याबरोबर खाली’ म्हटले, तर त्याची इज्जतही राहते आणि मुलगीही वाचते. तो ऐकेनासा झाला, तर त्याला स्पष्ट सांगा की ‘मीही प्यायलो होतो’ ही सबब स्वतःहून प्यायलेल्याला कोर्टात सहसा वाचवत नाही.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, पुणे