उत्तर आरोपालगतच छापा

संपादक महोदय,

टीकात्मक बातमीच्या शेवटी ‘संपर्क होऊ शकला नाही’ एवढीच ओळ दिसली की मला आयर्लंडचे माजी पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी वृत्तपत्रावर केलेला बदनामीचा खटला आठवतो. त्यांनी संसदेची दिशाभूल केल्याचे ‘संडे टाइम्स’ने १९९४ मध्ये छापले, पण त्यांनी संसदेतच दिलेले स्पष्टीकरण ब्रिटनमधल्या आवृत्तीत आलेच नाही. १९९९ मध्ये, तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने वृत्तपत्राचा बचाव नाकारताना नेमके यावरच बोट ठेवले. पान लागण्याआधी घाईने केलेला एक फोन पुरत नाही. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक आरोप लेखी कळवावा, उत्तराला वेळ द्यावा आणि उत्तराचा गाभा त्या आरोपालगतच छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, सातारा