टिपाडाच्या काठावर चिकटलेला पावसाळा: आरोग्यमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी सोलापुरात पूर्व भागात राहतो. हिवतापाच्या कामात कीटक संकलक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कीटक संकलक म्हणजे हातात बॅटरी, पिशवीत पाणी काढून बघायचा डिपर आणि लोकांच्या न्हाणीघरात डोकावायची सरकारी मुभा. जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्यांत वाकून डासांच्या अळ्या शोधल्या. अळ्या सापडल्या की टाकी रिकामी करायला लावायची, उपडी करून उन्हात ठेवायला सांगायचं आणि वहीत 'कार्यवाही केली' असं लिहून पुढच्या घरी जायचं. ही कार्यवाही अर्धीच होती हे कळायला मला फार वर्षं लागली. नवी मुलं आजही तसंच शिकतात, म्हणून हे पत्र.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला ती एकेक अंडं चिकटवते. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी असतात आणि तीही एका भांड्यात नाही. थोडी आपल्या टिपाडात, थोडी शेजारच्या हौदात. ताजं अंडं पांढरं असतं, काही तासांत काळंभोर होतं. लांबी एक मिलिमीटरही नाही. निळ्या टिपाडात नीट पाहिलं तर ठिपके दिसतात, पण घरातल्या बाईला वाटतं, भिंतीला काजळी धरली.

पहिले पंधराएक तास हे अंडं नाजूक असतं. तेवढ्यात सुकलं तर सुरकुतून मरतं. तेवढा वेळ ओल मिळाली की आतला गर्भ स्वतःभोवती आणखी एक आवरण तयार करतो, आणि त्यानंतर अंडं सुकवलं तरी बिघडत नाही. दोन-तीन दिवसांत आत अळी पुरी घडते आणि पाण्याची वाट बघत पडून राहते. आयआयटी मंडी आणि बेंगळुरूच्या इनस्टेम या संस्थांमधल्या संशोधकांनी २०२३ साली याच्या आतला कारभार उलगडून दाखवला. सुकत जाताना अंडं पॉलिअमाइन नावाची द्रव्यं वाढवून पेशी जपतं आणि साठवलेली चरबी मोडून त्यावर दिवस काढतं. सावली आणि थोडी दमट हवा मिळाली तर ही अंडी सहा-आठ महिने टिकतात. चांगल्या आडोशाला वर्षभरानंतरही काही जिवंत सापडलेली आहेत.

वाचलेल्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही, म्हणून घरी करून पाहिलं. जुन्या सोलापुरी टॉवेलची वीतभर पट्टी फाडली, काळ्या बादलीच्या आतून लावली, बादलीत निम्मं पाणी भरून जिन्याखाली ठेवली. दसरा नुकताच झाला होता. चार दिवसांनी पट्टीवर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके आले. पट्टी आणखी तीन दिवस ओलसर ठेवली, मग सावलीत वाळवली आणि कागदाच्या पाकिटात घालून कपाटात टाकली. होळीनंतर ती पाण्यात बुडवली, तर संध्याकाळपर्यंत अळ्या वळवळायला लागल्या. खरी गंमत पुढे आहे. त्या अळ्या काढून पट्टी पुन्हा वाळवली आणि आठवड्याने पुन्हा भिजवली, तर आणखी काही निघाल्या! एका भिजण्यात सगळी अंडी फुटत नाहीत. काही मागे राहतात, जणू पहिल्या सरीवर त्यांचा भरवसा नसतो. पाण्यात जिवाणू वाढून प्राणवायू कमी झाला की अंडी जास्त फुटतात, म्हणून पालापाचोळ्याचं शिळं पाणी त्यांना मानवतं.

आता हे आमच्या शहराच्या पाण्याला लावून बघा. उजनी भरलेली असो वा नसो, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी तीन, कधी चार, कधी पाच दिवसांआड येतं. म्हणून घरटी एखादं तरी दोनशे लिटरचं टिपाड असतंच. हे टिपाड आतून साधारण सत्तावन्न सेंटिमीटर रुंद असतं. त्यातून दहा लिटर पाणी काढलं की पातळी जवळजवळ चार सेंटिमीटर उतरते. घरात रोज चाळीस लिटर लागले तर पाणी दिवसाला जवळजवळ सोळा सेंटिमीटर खाली जातं आणि वर तेवढीच ओली भिंत उघडी पडते. चार दिवसांत चार पट्टे तयार होतात आणि रोजच्या पट्ट्यावर मादीला ताजी जागा मिळते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी घातलेल्या अंड्यांत चौथ्या-पाचव्या दिवशी अळी तयार असते, आणि नेमकं तेव्हाच पाणी सुटतं. टिपाड काठोकाठ भरतं, वरचे पट्टे बुडतात, अळ्या बाहेर पडतात. उकाड्यात तिथून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि टिपाड तळापर्यंत क्वचितच रिकामं होतं. पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आणि अंड्याचं वेळापत्रक कुणी मुद्दाम जुळवलं असतं, तरी इतकं चपखल बसलं नसतं.

आपला 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' इथंच फसतो. एक तर वार ठरलेला आणि पाणी मात्र त्या वाराला बांधलेलं नाही. कोरडा दिवस शनिवारी असेल आणि पाणी शुक्रवारी रात्री आलं असेल, तर भरलेलं टिपाड ओतून द्या असं सांगायला जाणाऱ्या आशाताईला दारात काय ऐकावं लागतं, ते मी ऐकलेलं आहे. सोलापुरात साठवलेलं पाणी ओतायला सांगणं म्हणजे ताटातली भाकरी उचलण्यासारखं आहे. दुसरं असं की टिपाड रिकामं करून नुसतं वाळवलं तर अळ्या मरतात, अंडी नाही. ती भिंतीवर तशीच राहतात आणि पुढच्या पाण्याला फुटतात. टेमीफॉस टाकलं तरी ते पाण्यातल्या अळीला मारतं, वरच्या भिंतीला चिकटलेल्या अंड्याला नाही. धूरफवारणी तर उडत्या डासापुरतीच. म्हणजे आपण वापरतो त्यातलं काहीच अंड्यापर्यंत पोचत नाही.

अंड्याला घासणी लागते. टिपाड तळाला आलं की काथ्या किंवा तारेची घासणी घेऊन आतली भिंत काठापासून खालपर्यंत, सांध्याच्या खाचेसकट, जोर लावून घासायची. त्यानंतरची पायरी लोक हमखास विसरतात. खरवडलेली अंडी तळाच्या पाण्यात पडतात आणि ती तिथं मेलेली नसतात. तेच पाणी ठेवून वर नळ सोडला तर घासलं काय, न घासलं काय, सारखंच. ते पाणी गटारीत नाही, उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतायचं आणि एकदा खळबळून घ्यायचं. मातीवर पडलेल्या अंड्यांचा समाचार मुंग्याही घेतात. होंडुरसमध्ये बायकांनी धुण्याच्या हौदांसाठी एक पद्धत बसवली होती. ब्लीच आणि कपड्यांची पावडर एकत्र करून पाण्याच्या रेघेवरच्या भिंतीला लावायची, दहा मिनिटं थांबायचं, मग घासून धुवायचं. ब्लीचने अंडी मरतात. वापरायच्या पाण्याच्या हौदाला हे आपल्याकडेही सहज जमेल. पिण्याच्या भांड्याला मात्र नुसती घासणी पुरे.

म्हणून पहिली विनंती ही की कोरडा दिवस वाराला न बांधता पाण्याच्या पाळीला बांधावा. ज्या भागात पाणी सुटणार, तिथं सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी घासणी. त्या वेळी टिपाड आपोआप तळाला आलेलं असतं, कुणाचं पाणी वाया जात नाही, भांडणही होत नाही. पाळीचं वेळापत्रक पाणीपुरवठ्याकडे असतं आणि डेंग्यूचं काम आरोग्याकडे. हे दोन कागद एका टेबलावर आणायला निधी लागत नाही, आदेश लागतो. चावीवाल्याचा फेरा जसा सरकतो तसा आशाताईंचा फेरा सरकावा, बस्स.

दुसरी गोष्ट वर्षाच्या आखणीची. हंगामी माणसं साधारण पावसाच्या तोंडावर घेतात आणि थंडी पडली, रुग्ण कमी झाले की काम थंडावतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घातलेली अंडी जूनपर्यंत थांबू शकतात, म्हणजे आपण घरी गेल्यावर ती मागे राहतात. एप्रिल-मेमध्ये सर्वेक्षण केलं की उघड्यावरच्या भांड्यांत अळ्या सापडत नाहीत, घर निर्देशांक खाली येतो आणि अहवालात समाधानाचं वाक्य पडतं. तो निर्देशांक अळ्या मोजतो. कोरड्या टायरच्या आतली अंडी त्यात येत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर दहा-बारा दिवसांनी डास वाढतात तेव्हा सगळ्यांना ते 'अचानक' वाटतं.

सगळीच अंडी उन्हाळा काढतात असं मी म्हणत नाही. आमचा मे महिना त्रेचाळीस अंशांचा आणि हवा कोरडीठाक. गच्चीवर उघड्या पडलेल्या डब्यातली बरीचशी अंडी त्यात मरत असणार. म्हणून मनुष्यबळ कमी असेल तर गच्चीवरचं भंगार नंतर बघावं. आधी सावलीतली भांडी: जिन्याखालची टिपाडं, लूमच्या कारखान्यामागे टिनाच्या शेडखाली रचलेले टायर, बांधकामावरचे हौद, फ्रिजच्या मागचा ट्रे. आणि कुलर. कुलर आम्ही जूनमध्ये बंद करतो, त्याच्या टाकीत रेघेवर अंडी तशीच ठेवून पलंगामागे सरकवतो आणि मार्चमध्ये पाणी घालतो. आठ-नऊ महिने सावलीत, त्यातले चार पावसाळी हवेचे. अंड्यांना ठेवायला याहून बरी जागा मला सुचत नाही. कुलर आत ठेवण्यापूर्वी घासा, आणि राहिलं असेल तर मार्चमध्ये पाणी घालण्याआधी घासा, एवढं एक वाक्य फेब्रुवारीत घरोघर गेलं तरी पुष्कळ काम होईल.

तिसरं, मोजमापाचं. मेमध्ये प्रत्येक प्रभागातून सावलीतली थोडी कोरडी भांडी आणि टायर निवडावेत, त्यांत काठापर्यंत पाणी भरावं, चार दिवस झाकून ठेवावं आणि अळ्या मोजाव्यात. मग पाणी टाकून भांडी वाळवावीत आणि आठवड्याने पुन्हा एकदा भरावीत, कारण पहिल्या खेपेला शून्य आलं म्हणजे अंडी नाहीत असं होत नाही. जिथं अळ्या निघतील तिथं घासणीची तुकडी जूनआधी पोचली पाहिजे. या चाचणीला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा. भरलेली भांडी विसरून मात्र चालणार नाही, नाहीतर आपणच डास पाळले असं होईल.

यासाठी हंगामी माणसांच्या नेमणुका फेब्रुवारीअखेर व्हाव्यात आणि काम डिसेंबरअखेरपर्यंत चालावं. मार्चअखेरची बिलं आणि एप्रिलच्या नव्या निविदा यांत आमचे दोन सर्वांत उपयोगी महिने जातात, हे आपल्याला मंत्रालयात बसूनही ठाऊक असेल.

टॉवेलची ती पट्टी अजून माझ्या वहीत आहे. पाणी पुन्हा दिलेलं नाही. गड्ड्याच्या यात्रेला किंवा एखाद्या आढावा बैठकीला आपलं सोलापूरला येणं झालं, तर एक पेला पाणी आणि दिवसभराची फुरसत ठेवावी. अजून काही निघतं का, ते मलाही बघायचंय.

आपला,
एक निवृत्त कीटक संकलक
पूर्व भाग, सोलापूर