नातवाच्या नावाची ठेव आणि तिच्यावरचा कर

लीड्स, इंग्लंड

तीर्थस्वरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. दादाच्या चिन्मयच्या नावे तुम्ही ५ लाखांची मुदत ठेव केलीत आणि तेवढीच रक्कम माझ्या ईराला पाठवण्याचा विचार आहे, हे वाचून आनंद झाला. "मुलाला कसला कर? त्याला उत्पन्न तरी कुठे आहे?" असे तुम्ही लिहिले आहे. ते मात्र तसे नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो.

आजोबांनी नातवाला दिलेल्या भेटीवर कर नाही, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. प्रश्न आहे तो त्या भेटीवर दरवर्षी येणाऱ्या व्याजाचा. आपल्याकडे अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मग पैसे आजोबांनी दिलेले असोत वा मामाने. दादाच्या दुकानापेक्षा वहिनींचा पगार मोठा असल्याने हे व्याज वहिनींच्या विवरणपत्रात जाईल. शिवाय एकदा ते त्यांच्याकडे गेले, की पुढे दादाचे उत्पन्न वाढले तरी कर अधिकाऱ्याने दादाचे म्हणणे ऐकून तसे ठरवल्याखेरीज ते दादाकडे वळत नाही.

तुमचाच हिशेब करून पाहू. ७ टक्क्यांनी ५ लाखांवर वर्षाचे व्याज सुमारे ३५,००० रुपये होईल. वहिनी जुनी करपद्धती वापरतात, तिच्यात प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे. (नव्या पद्धतीत तीही नाही.) उरलेल्या ३३,५०० वर त्यांच्या ३० टक्क्यांच्या टप्प्याने १०,०५० रुपये आणि ४ टक्के उपकराचे ४०२, म्हणजे एकूण १०,४५२ रुपये कर पडेल. हीच ठेव तुमच्या नावावर राहिली असती, तर ६ लाखांची पेन्शन आणि हे व्याज धरूनही नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी तुम्हाला एक पैसाही कर पडला नसता. ठेव तुमच्या नावावर ठेवून चिन्मयला नामनिर्देशित करणे आणि तो अठराचा झाल्यावर रक्कम त्याला देणे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटला असता. आता मात्र पैसे त्याचे झाले आहेत. ते परत तुमच्या खात्यात फिरवू नयेत.

दादा म्हणतो, की बँकेने टीडीएस कापलेला नाही, तेव्हा काही दाखवायला नको. येथेच बहुतेकांची गफलत होते. व्याज वर्षाला ५०,००० च्या आत असल्याने बँक टीडीएस कापत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर देणे त्याने टळत नाही. ठेव मुदतीअखेर सर्व व्याज देणारी असली, तरी दरवर्षीचे व्याज त्या त्या वर्षी दाखवणे सोयीचे, नाहीतर शेवटच्या वर्षी सगळे एकदम अंगावर येते.

चिन्मयला तबल्याच्या कार्यक्रमाचे जे मानधन मिळाले, ते मात्र त्याचे स्वतःचे उत्पन्न आहे. स्वतःच्या कलेने वा श्रमाने मिळवलेले उत्पन्न आईवडिलांकडे जात नाही. परंतु तेच मानधन ठेवीत टाकले, तर त्यावरचे व्याज पुन्हा वहिनींच्याच उत्पन्नात धरले जाते. मला हे थोडे विचित्र वाटते, पण कायदा तसाच आहे.

ईराच्या बाबतीत येथील नियम नेमका उलटा आहे. येथे पैसे कोणी दिले, हे पाहिले जाते. मी तिला पैसे दिले आणि त्यावर वर्षाला १०० पौंडांहून अधिक व्याज आले, तर केवळ वरचे नव्हे, सगळेच व्याज माझे उत्पन्न धरले जाते. पैसे आजोबांचे असतील, तर व्याज तिचेच. समजा तुमच्या रकमेचे ४,००० पौंड झाले आणि ४ टक्क्यांनी १६० पौंड व्याज आले. तिची स्वतःची करमुक्त मर्यादा १२,५७० पौंडांची असल्याने कर शून्य. तेच ४,००० पौंड मी दिले असते, तर पूर्ण १६० पौंड माझ्या उत्पन्नात धरले गेले असते.

म्हणून एक विनंती आहे. रक्कम माझ्या खात्यातून न फिरवता थेट तिच्या बचत खात्यात पाठवावी, आणि "ही भेट मी माझ्या नातीला देत आहे" असे दोन ओळींचे सही केलेले पत्र सोबत द्यावे. आईने सुचवल्याप्रमाणे मी तुम्हाला पैसे पाठवायचे आणि तुम्ही ते ईराला द्यायचे, हे मात्र चालणार नाही. असे फिरवलेले पैसे येथे बापाचेच मानले जातात.

दादाला हे पत्र दाखवावे आणि वहिनींचे विवरणपत्र भरण्याआधी बँकेकडून चिन्मयच्या ठेवीचा व्याजाचा दाखला घेण्यास सांगावे. आईस नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा