सात ‘च्या’ असलेले एक वाक्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीतले प्रबंध समजत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते आणि दोष संस्कृत शब्दांच्या माथी मारला जातो. छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. वाचक अवघड शब्दावर क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. तो खरा अडतो वाक्याच्या बांधणीत. गेल्या महिन्यात हाताखालून गेलेल्या एका वाक्याची हकीकत सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते नीट कळेल.

आमच्या शेजारची एक मुलगी येवल्याच्या पैठणी विणकर कुटुंबांतील स्त्रियांच्या कामावर पीएचडी करते आहे. तिचे तिसरे प्रकरण तिने मला वाचायला दिले. त्यातले हे वाक्य पाहा :

‘येवला परिसरातील पैठणी-विणकर कुटुंबांतील स्त्रियांच्या पारंपरिकरीत्या अदृश्य राहिलेल्या पूर्वप्रक्रियात्मक श्रमाच्या आर्थिक मूल्यमापनाच्या अभावामुळे निर्माण झालेल्या त्यांच्या उत्पन्नविषयक दुय्यमत्वाच्या स्थितीचे सामाजिक-सांस्कृतिक संदर्भांच्या परिप्रेक्ष्यातून विश्लेषण केले जाणे ही काळाची गरज असल्याचे प्रस्तुत संशोधिकेच्या निदर्शनास आले आहे.’

शब्द 34, त्यात ‘च्या’ सात वेळा. मी पेन्सिलीने प्रत्येक ‘च्या’खाली रेघ मारली आणि तिला विचारले, यातला कुठला ‘च्या’ कुठल्या शब्दाला जोडायचा? तिने दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले. ‘त्यांच्या’ म्हणजे स्त्रियांच्या की कुटुंबांच्या, हे लिहिणारीलाच ठामपणे सांगता येईना.

याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. ‘श्रमाचा मोबदला’, ‘श्रमाची किंमत’, ‘श्रमाचे मोल’ असे म्हटले की चा-ची-चे पुढच्या शब्दाचे लिंग आणि वचन सांगून टाकते. वाचकाला पुढची वाट आधीच दिसते. पण त्या पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला, की मोबदल्यामुळे असो, किमतीमुळे असो वा मोलामुळे असो, मागे सगळीकडे ‘श्रमाच्या’च येते. खूण पुसली जाते. एखाददुसरा ‘च्या’ असला तर काही बिघडत नाही, अर्थावरून लागतो. तिसऱ्याला मात्र वाचक चाचपडू लागतो. त्यात मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणजे वाक्य कशाबद्दल काय सांगते आहे हे कळेपर्यंत ही सगळी ओझी डोक्यावर धरून बसावे लागते. वाक्य तोडले की नाम पुन्हा मोकळे उभे राहते, चा-ची-चे परत येते, आणि क्रियापद लवकर हाती लागते. वाक्य लहान करण्याचा खरा लाभ हा आहे.

मग आम्ही शब्दांचा विचार बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न धरला : कोण काय करते? ‘पूर्वप्रक्रियात्मक श्रम’ म्हणजे काय, असे विचारल्यावर ती पटकन म्हणाली, “काका, रेशीम उकलायचं आणि कांड्या भरायच्या, म्हणजे विणताना लागणारा आडवा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळायचा.” मग तेच लिही, म्हटले. ‘आर्थिक मूल्यमापनाचा अभाव’ म्हणजे? “त्याची मजुरी वेगळी देत नाहीत. साडीच्या मजुरीतच धरतात, आणि ती विणणाऱ्याच्या नावावर जाते.” बोलताना तिची एकूण एक वाक्ये सरळ होती. कागदावर आली की ती वळकटी होऊन बसत.

नवा मजकूर तिने एका विणकर मावशींना फोनवरून वाचून दाखवला. त्या घरी ती अनेकदा जाऊन बसली होती. मावशींनी पहिल्याच वाक्याला तिला थांबवले. “अगं, कांड्या आधी भरून संपत नाहीत. साडी मागावरून उतरेपर्यंत भराव्याच लागतात.” जुन्या वाक्यातला ‘पूर्व’ हा शब्दच चुकीचा होता. मार्गदर्शकांनी ते प्रकरण वाचले होते, मीही वाचले होते, कुणाच्याही लक्षात आले नव्हते. इतक्या जड शब्दाच्या आत चूक सुखाने नांदत होती.

शेवटी मजकूर असा झाला : ‘पाहणीतील विणकर कुटुंबांत विणकामाआधी रेशीम उकलणे आणि विणकाम चालू असताना कांड्या भरणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. या कामाची मजुरी वेगळी दिली जात नाही. ती साडीच्या मजुरीतच धरलेली असते आणि विणणाऱ्याच्या नावावर जमा होते. त्यामुळे कुटुंबाच्या उत्पन्नातील स्त्रियांचा वाटा नोंदींत दिसत नाही. या प्रकरणात त्याची सामाजिक आणि सांस्कृतिक कारणे तपासली आहेत.’

शब्द मोजले तर 51 भरतात, म्हणजे मजकूर वाढला. वाक्ये लहान करणे म्हणजे शब्द कमी करणे, हा समज इथे टिकत नाही. ‘काळाची गरज’ आणि ‘निदर्शनास आले आहे’ गेले, कारण ते काही सांगत नव्हते. त्यांच्या जागी खरी माहिती आली. ‘येवला परिसरातील’ जाऊन ‘पाहणीतील’ आले, कारण सगळे येवले तिने पाहिलेले नाही. ‘मुख्यतः’ मात्र तिने हट्टाने ठेवले, आणि ते योग्यच आहे. दोन घरांत पुरुषही कांड्या भरताना तिने पाहिले होते. ‘मी’ की ‘प्रस्तुत संशोधिका’ हा वादही आपोआप मिटला. ‘कारणे तपासली आहेत’ एवढे मराठीला पुरते. आणि उत्पन्न, सामाजिक, सांस्कृतिक हे संस्कृत शब्द जागच्या जागी आहेत, कुणाला टोचत नाहीत. ‘अदृश्य श्रम’ ही तर तिच्या विषयातली संज्ञा आहे. ती प्रकरणाच्या सुरुवातीला एकदा समजावून दिली आणि पुढे तशीच वापरली. दर वेळी तिला सोपा पर्याय शोधला असता, तर वाचकाला वाटले असते की गोष्ट बदलली.

दुसऱ्या टोकाला जाण्याची चूकही झाली. पुढच्या पानावर तिने सपासप कापणी केली : ‘मागणी वाढली. मजुरी वाढली नाही. तरुण मुले दुसरी कामे शोधतात.’ वाचायला सोपे, पण तिसरे दुसऱ्यामुळे घडले की निराळेच, ते कळत नाही. ‘तरी’ आणि ‘म्हणून’ घालायला मी सुचवले. ‘म्हणून’ लिहिताना तिचा हात अडला. तिने मुलाखतींच्या वह्या पुन्हा उघडल्या. हे कारण सगळ्यांनी सांगितले नव्हते. मग ‘म्हणून मुले दुसरी कामे शोधतात, असे काही कुटुंबांनी सांगितले’ असे झाले. जोडशब्द गाळला की पुराव्याची जबाबदारीही टळते, हे मलाही तेव्हा नव्याने उमगले.

हे प्रकरण तिने मार्गदर्शकांना दिले, तर पहिला शेरा आला : ‘भाषा पीएचडीच्या दर्जाची वाटत नाही.’ मला याचे मनापासून वाईट वाटले. ‘जमा होते’, ‘दिसत नाही’, ‘तपासली आहेत’ ही पूर्ण प्रमाण, औपचारिक मराठी आहे. यात बोलीचा वा घरगुती असा एकही शब्द नाही. तिने जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी ठेवून, कांड्यांची चूक दाखवून पुन्हा पाठवला आहे. उत्तर यायचे आहे.

आपल्या पत्राद्वारे नाशिकमधल्या आणि इतरत्रच्या मार्गदर्शकांना एक विनंती करतो. विद्यार्थ्याचे पान ‘भाषा सुधारा’ एवढाच शेरा मारून परत करू नका. एक वाक्य निवडा, त्यातल्या ‘च्या’ आणि ‘लेल्या’खाली रेघा मारा, आणि समोर बसवून विचारा, यात कोण काय करते आहे. त्याने तोंडी दिलेले उत्तर तिथेच लिहून घ्यायला लावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
पंचवटी, नाशिक