ड्रॉपर तोच, औषध दुप्पट

महोदय,

माझ्या तीन महिन्यांच्या नातीला डॉक्टरांनी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व लिहून दिले आहे. पहिल्या बाटलीत १ मिलीत ४०० युनिट असल्याने आम्ही ड्रॉपर एकच्या खुणेपर्यंत भरत असू. ती संपल्यावर फोंड्यातील एका दुकानातून दुसऱ्या कंपनीची बाटली आणली. तिच्यावर १ मिलीत ८०० युनिट असे बारीक अक्षरांत छापले होते, पण हाताला जुनी सवय असल्याने चार दिवस बाळाच्या पोटात दुप्पट मात्रा गेली. डॉक्टरांनी सांगितले, की एवढ्याने अपाय होत नाही. मात्र मोठी मात्रा बरेच दिवस गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि बाळ दूध टाळते, वारंवार उलट्या करते, मलूल होते, लघवी फार होते व शौचास कडक होते.

आता आम्ही प्रत्येक नव्या बाटलीवरचा आकडा वाचून किती मिली द्यायचे ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेतो आणि त्या बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरतो, कारण काही औषधांची पूर्ण मात्रा एका थेंबातच असते. ड्रॉपर डोळ्यांसमोर उभा धरून खूण पाहावी व थेंब गालाच्या आतल्या बाजूस हळूहळू सोडावेत. आईने दिले की आजीने, हा घोळ आमच्याकडे रोजचाच. म्हणून दिल्याबरोबर कॅलेंडरवर फुली मारतो. फुलीबद्दल शंका असली, तर त्या दिवशी पुन्हा देत नाही.

— एक आजी, फोंडा