'म्हणजे काय रे?' एवढंच विचारायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

"तुला काय, तू एकटीसुद्धा मजेत राहशील." महिनाभराच्या कामासाठी मी निघायची तयारी करत होते, तेव्हा नवरा हे बोलला आणि खोलीबाहेर गेला. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती, आणि म्हणूनच ते मनातून जाईना. तुमच्याकडे आले तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं, की याचा अर्थ काय ते तुम्ही सांगा. तुम्ही साफ नकार दिलात. "मला कसं कळणार? ज्यानं म्हटलं त्याला विचार." आणि मग कसं विचारायचं, यावर आपण तासभर बसलो. त्या तासासाठी हे पत्र.

तुम्ही कागदाच्या मधोमध रेघ मारायला लावलीत. डावीकडे त्याचे शब्द, जसेच्या तसे. उजवीकडे मला जे ऐकू आलं ते. डावीकडे एकच ओळ झाली. उजवी बाजू भरून गेली: माझं जाणं त्याला खुपतंय, मी त्याला नकोशी झालेय, हा टोमणाच आहे. "विचारायचं डाव्या बाजूबद्दल," तुम्ही म्हणालात. "उजवी बाजू सांगायचीच झाली, तर ती तुझी शंका म्हणून सांग. त्याच्यावरचा आरोप म्हणून नको."

मी तयार केलेला प्रश्न होता, "तू असं का म्हणालास?" तुम्ही त्यातला 'का' काढून टाकलात. 'का' म्हटलं की समोरचा अर्थ सांगत बसत नाही, बचाव करायला लागतो. "तुला नेमकं काय म्हणायचं होतं?" हे वाक्यही कपाळावर आठी घालून म्हटलं तर पोलिसी चौकशीच, असं म्हणत तुम्ही ते माझ्याकडून मोठ्यानं वदवून घेतलंत, शेवटचा शब्द खाली उतरेपर्यंत. (तेव्हा मला हसू येत होतं, माफ करा.) सुरुवातीला एवढं जपायचं कशाला, असं मी विचारलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या १९९९च्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. नवविवाहित जोडपी वादाचा विषय काढतात तेव्हा पहिल्या तीन मिनिटांत कसं बोलतात, त्यावरूनच पुढे कोणाचा घटस्फोट होईल याचा बराचसा अंदाज त्यांना बांधता आला होता.

वेळही तुम्हीच ठरवून दिलीत: दारातून आत आल्या आल्या नको, झोपताना नको, कोणासमोर तर नकोच. कपडे वाळत घालताना मी विषय काढला. दोघांचे हात कामात होते, नजरेला नजर द्यायची सक्ती नव्हती. "परवा बॅग भरताना तू म्हणालास, मी एकटीसुद्धा मजेत राहीन. ते माझ्या डोक्यात राहिलंय. मला नीट कळलं नाही. म्हणजे काय रे?"

"मी? कधी?" तो म्हणाला.

इथे माझ्या जिभेवर "आता आठवतही नाही का!" आलं होतं. पण तुम्ही बजावलं होतं, की बोलणाऱ्याला आपलं वाक्य खरंच आठवत नसतं, लागलेलं असतं ते ऐकणाऱ्याला. म्हणून मी फक्त प्रसंग आठवून दिला: निळी बॅग, चार्जर सापडत नव्हता तेव्हा. "अगं, सहज म्हटलं असेल," तो म्हणाला. मी म्हटलं, "असेल. मला उगाच वाटलं की माझ्या जाण्याचा त्रास होतोय, म्हणून विचारलं." एवढं बोलून गप्प बसले. तुमच्या सगळ्या सूचनांमध्ये हे गप्प बसणं सर्वांत कठीण होतं. एक टॉवेल, दोन चादरी झाल्या, आणि मग तो म्हणाला, "तू बिलांची यादी केलीस, किल्ल्या शेजारी दिल्यास, सगळं लावून ठेवलंस. मला काही करशील का म्हणून विचारलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, मी असलो काय, नसलो काय."

मी केलेल्या उजव्या बाजूच्या यादीत हे कुठेच नव्हतं. "म्हणजे मी तुला काही सांगितलं नाही याचं वाईट वाटलं, असंच ना?" असं त्याच्याच शब्दांच्या आसपास राहून विचारलं. तो म्हणाला, "वाईट असं नाही... हो, थोडं." मग माझी बाजू मांडायचा मोह आवरला. त्याला त्रास नको म्हणून मी ते केलं होतं, हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा त्याला ते ऐकून घेता आलं. विमानतळावर सोडणं आणि घरमालकांशी बोलणं आता त्याच्याकडे आहे.

ताई, एक विनंतीही आहे. हे सगळं मी एका मैत्रिणीला सांगितलं, पण तिचं प्रकरण वेगळं आहे. तिच्या नवऱ्याचं बोलणं कोड्यात टाकणारं नाही, ते रोजचं पाणउतारा करणं आहे, आणि अर्थ विचारला की तो आणखी चढतो. अशा ठिकाणी शांतपणे प्रश्न विचारून भागत नाही, म्हणूनच तुम्ही मला पहिल्या भेटीत विचारून घेतलं होतंत: "त्याची भीती वाटते का?" माझं उत्तर 'नाही' होतं. तिचं तसं नाही. ती सोमवारी तुम्हाला फोन करेल, तिला लवकरची वेळ द्याल का?

मनापासून आभार.

आपली,
निळ्या बॅगवाली